विमानाचं किंवा बसचं तिकीट रद्द केल्यावर रिफंड बरोबर आला का, हे कसं पडताळावं

रिफंडचा मेसेज आला की बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. 'भरले तेरा हजार, आले पाच हजार' असं म्हणून थेट भांडायला निघतात, नाहीतर 'कापतातच ते' म्हणून सोडून देतात. दोन्हीत पैसे जातात. पहिल्यांच्या तक्रारीत नेमका आकडा नसतो, म्हणून ती ठरावीक उत्तर देऊन बंद होते. दुसऱ्यांच्या बाबतीत चुकून दोनदा झालेली कपात कोणाच्या नजरेसच येत नाही.

या हिशोबातली सर्वात मोठी चूक सुरुवातीच्या आकड्यात असते. तुमच्यासमोर दोन आकडे असतात: तिकिटाचं एकूण भाडं, आणि तुमच्या खात्यातून प्रत्यक्ष गेलेली रक्कम. कन्व्हिनियन्स फी आणि कूपन यांमुळे हे दोन्ही सहसा सारखे नसतात. कोणत्या आकड्यापासून सुरुवात केली यावर पुढे काय वजा करायचं ते ठरतं. पुढे मुंबई–नागपूरचं एकच उदाहरण टप्प्याटप्प्याने सोडवलं आहे. त्यातले आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत, तुमचे तुमच्या तिकिटावरून घ्या.

## १. रद्द करण्याच्या आधी हे जमवा

रद्द केल्यावर काही बुकिंग पोर्टलवर भाड्याचा तपशील दिसेनासा होतो किंवा त्या जागी फक्त 'रद्द' असा शिक्का उरतो. म्हणून रद्द करायचं बटण दाबण्याआधी चार गोष्टी जवळ हव्यात:

- भाड्याचा पूर्ण तपशील असलेलं ई-तिकीट आणि पोर्टलचं बिल. ही दोन वेगळी कागदपत्रं असतात. तिकिटावर विमान कंपनीचं भाडं असतं, बिलावर पोर्टलची फी आणि कूपन.
- बँकेचा किंवा यूपीआयचा मेसेज, म्हणजे खात्यातून नेमके किती गेले ते.
- तुमच्या भाड्याच्या प्रकाराला लागू असलेल्या रद्दीकरण नियमांचा स्क्रीनशॉट. सेव्हर, फ्लेक्सी, कॉर्पोरेट अशा भाड्यांचे नियम वेगळे असतात, त्यामुळे कंपनीच्या वेबसाइटवरचा सर्वसाधारण तक्ता पुरत नाही.
- रद्द करण्याच्या शेवटच्या पडद्यावर दिसणारा 'अंदाजे रिफंड'. हा स्क्रीनशॉट सर्वात महत्त्वाचा, कारण ते पोर्टलनेच दिलेलं गणित असतं.

सावधान: विमान कंपनीने किंवा बसवाल्यानेच फेरी रद्द केली असेल तर नेहमीचं 'कॅन्सल' बटण दाबू नका. ते दाबलं की प्रणालीत नोंद होते ती 'प्रवाशाने स्वतः रद्द केलं' अशी, आणि रद्दीकरण शुल्क लागतं. अशा वेळी मेसेजमध्ये आलेली लिंक किंवा विमान कंपनीच्या साइटवरचा 'पर्यायी विमान किंवा पूर्ण रिफंड' हाच मार्ग घ्यायचा.

## २. भरलेल्या रकमेचे तुकडे करा

तिकिटावरच्या ओळी तीन ढिगांत वाटा. परतीचा नियम प्रत्येक ढिगाला वेगळा आहे.

पहिला ढीग मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांचा. इंधन अधिभार तिकिटावर बहुधा `YQ` या खुणेने दिसतो. रद्दीकरण शुल्क याच ढिगातून कापलं जातं.

दुसरा ढीग सरकारी आणि विमानतळाच्या आकारांचा: विमानतळ विकास शुल्क, सुरक्षा शुल्क आणि तत्सम ओळी. देशांतर्गत प्रवासाचं सुरक्षा शुल्क एप्रिल २०२१ पासून माणशी २०० रुपये आहे. विमानतळ विकास शुल्क मात्र प्रत्येक विमानतळाचं वेगळं. जीएसटीची ओळ `K3` नावाने असते आणि इकॉनॉमी तिकिटावर तिचा दर ५ टक्के आहे.

तिसरा ढीग पोर्टलचा: कन्व्हिनियन्स फी, तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी, आणि उलट दिशेने कूपनची सूट. आसन, जेवण, विमा असं काही घेतलं असेल तर ते या तिन्हींत मिसळू नका. त्याची वेगळी ओळ ठेवा आणि प्रत्येकाचा परतीचा नियम स्वतंत्र बघा.

उदाहरण असं. दोन प्रवासी, एकेरी प्रवास, पोर्टलवरून काढलेलं तिकीट. माणशी हिशोब:

```
मूळ भाडं + इंधन अधिभार        ५,६००
जीएसटी ५ टक्के                  २८०
विमानतळ व सुरक्षा शुल्क          ६००
माणशी भाडं                    ६,४८०
दोघांचं भाडं                  १२,९६०

कन्व्हिनियन्स फी ३५० × २        ७००
तिच्यावर १८ टक्के जीएसटी         १२६
कूपन                        − ६००
खात्यातून गेले               १३,१८६
```

तपासणी: शेवटचा आकडा बँकेच्या मेसेजशी रुपयाला रुपया जुळला पाहिजे. इथे जुळलं नाही तर पुढे जाऊ नका. बहुधा विम्याची किंवा 'फ्री कॅन्सलेशन'ची आपोआप टिक झालेली ओळ सुटलेली असते.

## ३. विमान कंपनी किती कापू शकते

विमान कंपनीचं शुल्क माणशी आणि प्रवासाच्या प्रत्येक फेरीला लागतं. दोघांचं एकेरी तिकीट असेल तर शुल्क दोनदा, जाऊन-येऊन असेल तर चारदा. सुटण्याची वेळ जवळ येते तसं ते वाढतं. आपल्या उदाहरणात प्रवासाच्या पाच दिवस आधी रद्द केलं आणि त्या मुदतीचं शुल्क माणशी ३,००० आहे, असं धरू.

इथे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे तीन नियम कामाला येतात. पहिला, रद्दीकरण शुल्क कधीही मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांच्या बेरजेपेक्षा जास्त असू शकत नाही. दुसरा, वैधानिक कर आणि विमानतळाची शुल्कं परत द्यावीच लागतात. प्रवासी विमानतळावर पोचलाच नाही तरी, आणि 'नॉन-रिफंडेबल' म्हणून विकलेलं स्वस्त तिकीट असलं तरी. तिसरा, रिफंडची प्रक्रिया करण्यासाठी म्हणून विमान कंपनी वेगळे पैसे आकारू शकत नाही.

पहिला नियम स्वस्त तिकिटांवर फार उपयोगी पडतो. समजा मूळ भाडं आणि इंधन अधिभार मिळून २,६०० आहेत आणि तक्त्यात शुल्क ३,५०० लिहिलं आहे. तरी कापता येतील ते २,६००च. वरचे ९०० विमानतळ शुल्कातून ओढून घेता येत नाहीत. 'शुल्क भाड्यापेक्षा जास्त आहे, म्हणून रिफंड शून्य' असं उत्तर आलं तर ते स्वीकारू नका. विमानतळ आणि सुरक्षा शुल्काचे पैसे विमान कंपनीकडून सुटलेच पाहिजेत.

आता जीएसटी, जिथे बरेच जण अडखळतात. केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं की रद्दीकरण शुल्कावर मूळ सेवेच्याच दराने कर लागतो. म्हणजे परत मिळणाऱ्या भाड्यावरचा जीएसटी परत येतो, पण कापलेल्या ३,००० वर ५ टक्क्यांनी १५० रुपये राहू शकतात. माणशी कपात ३,१५०, दोघांची ६,३००. काही वेळा कापलेली रक्कम 'जीएसटी धरून' लिहिलेली असते, तेव्हा हे १५० पुन्हा मिळवायचे नाहीत. नक्की काय केलं आहे ते विमान कंपनीच्या क्रेडिट नोटवर, म्हणजे परत केलेल्या रकमेच्या कागदावर दिसतं. पीएनआर टाकून ती वेबसाइटवरून उतरवता येते, नाहीतर मागून घ्या.

विमान कंपनीकडून सुटणारी रक्कम म्हणून १२,९६० वजा ६,३०० = ६,६६०.

सावधान: विमान चुकलं तर 'आता काय मिळणार' म्हणून गप्प बसू नका. न केलेल्या प्रवासाच्या कराचे पैसे अनेकदा आपोआप येत नाहीत, अर्ज करावा लागतो. त्यासाठी पीएनआर आणि तिकीट जपून ठेवा.

## ४. पोर्टल काय ठेवून घेतं

पोर्टलच्या दोन कपाती असतात आणि त्या वेगळ्या ओळखायला हव्यात. पहिली कन्व्हिनियन्स फी. ती तिकीट काढतानाच दिलेली असते आणि पोर्टलच्या अटींनुसार परत येत नाही. दुसरी पोर्टलची स्वतःची रद्दीकरण फी, जी रद्द करताना नव्याने लागते. उदाहरणात ती माणशी ३०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरू. दोघांचे ६०० अधिक १०८, म्हणजे ७०८.

ही दुसरी फी टाळण्यासाठी लोक थेट विमान कंपनीच्या साइटवर जाऊन तिकीट रद्द करतात. तसं करता येतं, पण पैसे आधी पोर्टलच्या खात्यात जातात आणि 'रद्द झालं' हे पोर्टलला तुम्हीच कळवावं लागतं. अनेक पोर्टल तेव्हाही फी कापतातच. त्यामुळे अटी वाचूनच हा मार्ग घ्या.

कूपनचं काय? बहुतेक पोर्टलच्या अटींत रद्द केलेल्या तिकिटावरची सूट मागे घेतली जाते. हे एकदाच झालं तर चूक नाही. पुढच्या टप्प्यात त्याचंच भान ठेवायचं आहे.

'फ्री कॅन्सलेशन' विकत घेतलं असेल तर त्यासाठी भरलेली रक्कम परत येत नाही. त्याचा रिफंड बहुधा दोन वेगळ्या नोंदींत येतो: विमान कंपनीकडून सुटलेला भाग आधी, आणि कापलेल्या शुल्काची भरपाई नंतर. पहिली नोंद बघून 'कमी आले' अशी तक्रार करण्याआधी दुसरीची मुदत संपू द्या.

## ५. हिशोब दोन्ही बाजूंनी करा

इथे सर्वात जास्त चुका होतात, म्हणून दोन्ही रीती शेजारी मांडा.

```
रीत पहिली: भाड्यापासून
एकूण भाडं                     १२,९६०
− विमान कंपनीची कपात            ६,३००
− पोर्टलची रद्दीकरण फी            ७०८
− कूपन                          ६००
रिफंड                         ५,३५२

रीत दुसरी: भरलेल्या रकमेपासून
खात्यातून गेले                 १३,१८६
− विमान कंपनीची कपात            ६,३००
− पोर्टलची रद्दीकरण फी            ७०८
− कन्व्हिनियन्स फी, करासह         ८२६
रिफंड                         ५,३५२
```

पहिल्या रीतीत कूपन वजा होतं, पण कन्व्हिनियन्स फी वजा होत नाही, कारण भाड्यात ती मुळी धरलेलीच नव्हती. दुसऱ्या रीतीत कन्व्हिनियन्स फी वजा होते, पण कूपन नाही, कारण खात्यातून रक्कम गेली तीच कूपन वजा होऊन. या दोन ओळी एकाच हिशोबात एकत्र आल्या की कुठेतरी दुहेरी कपात झालीच म्हणून समजा. पोर्टलने पाठवलेल्या तपशिलातही आधी हेच बघा: सुरुवातीचा आकडा कोणता, आणि खाली कूपन आहे, कन्व्हिनियन्स फी आहे, की दोन्ही?

तपासणी: दोन्ही रीतींचं उत्तर एकच यायला हवं. येत नसेल तर दुसऱ्या टप्प्यातली बेरीज पुन्हा करा.

## ६. फरक आला तर तो आकडा वाचा

हिशोब ५,३५२ चा आणि आलेली रक्कम वेगळी असेल, तर आधी वजाबाकी करा. फरकाचा आकडाच बहुतेक वेळा कारण दाखवतो.

फरक ८२६ असेल, म्हणजे ४,५२६ आले असतील, तर कन्व्हिनियन्स फी दोनदा कापली आहे. फरक ६०० असेल, म्हणजे ४,७५२ आले असतील, तर कूपन दोनदा. या दोन्ही चुका पोर्टलच्या बाजूच्या असतात आणि सहसा लवकर दुरुस्त होतात, कारण वाद विमान कंपनीपर्यंत जातच नाही.

बरोब्बर निम्मे, २,६७६ आले असतील तर घाई करू नका. एका प्रवाशाचे आले असतील आणि दुसऱ्याचे वेगळ्या नोंदीने येत असतील. पण तीन-चार दिवसांत दुसरी नोंद दिसली नाही, तर रद्द करताना दोन्ही नावांवर टिक केली होती का ते बघा. एकच नाव रद्द झालेलं असेल तर दुसरं तिकीट अजून चालू आहे, आणि विमान सुटण्याआधी ते रद्द करणं तातडीचं आहे.

फरक १,०५० असा आला तर त्याचा उलगडा थोडा खोल आहे. १,०५० ला दोनाने भागा, ५२५ येतात. त्यातला ५ टक्के कर काढला की ५०० उरतात. म्हणजे माणशी ३,००० ऐवजी ३,५०० कापले, अर्थात सुटण्याच्या वेळेला अधिक जवळ असलेल्या मुदतीचा दर लावला. हे बहुधा एजंटला फोन करून किंवा मेलने रद्द करायला सांगितल्यावर होतं. तुम्ही सांगितलं ती वेळ धरली जात नाही, प्रणालीत तिकीट रद्द झालं ती वेळ धरली जाते. तुमचा मेल आधीच्या मुदतीत पोचल्याचा पुरावा असेल तर हा फरक एजंटकडे मागा, विमान कंपनीकडे नाही.

हिशोबापेक्षा ३०० जास्त आले तर रद्दीकरण शुल्कावरचा जीएसटी वेगळा लावलेला नाही एवढंच.

## ७. बसच्या तिकिटात वेगळं काय

रीत तीच, पण बसमध्ये शुल्क ठरावीक रुपयांत नसून टक्क्यांत असतं आणि ते घड्याळावर चालतं. म्हणून इथली मुख्य चूक वेळेची असते. खासगी बसचे टप्पे प्रत्येक बसवाल्याचे वेगळे असतात आणि ते तिकिटावर छापलेले असतात.

अनेक बुकिंग पोर्टल तास मोजतात ते बस तिच्या पहिल्या थांब्यावरून सुटते तिथपासून, तुमच्या थांब्यावरून नव्हे. मुंबईहून संध्याकाळी ५ ला निघून पुण्यात रात्री ९.३० ला येणारी, नागपूरला जाणारी एसी स्लीपर घ्या. १२ तासांपेक्षा जास्त वेळ असेल तर २५ टक्के कपात, ६ ते १२ तासांत ५० टक्के, असे टप्पे आहेत. पुण्यातला प्रवासी सकाळी ८.३० ला रद्द करतो. त्याच्या मते १३ तास आहेत. पोर्टलच्या मते साडेआठ. भाडं १,६०० आणि त्यावर ५ टक्के जीएसटी मिळून १,६८० असेल तर त्याला १,२६० ची अपेक्षा असते आणि हातात ८४० येतात. तिकिटावर 'सेवा सुरू होण्याची वेळ' असं लिहिलं असेल तर ही कपात बरोबर आहे. तसं काही लिहिलेलं नसेल आणि तिकिटावर फक्त तुमच्या थांब्याची वेळ असेल, तर वाद घालायला जागा आहे.

मध्यरात्रीनंतर सुटणाऱ्या बसची तारीख दोनदा बघा. रात्री १२.३० ची बस म्हणजे कॅलेंडरवर पुढचा दिवस. अशा बसचे तास मोजताना पूर्ण एक दिवस चुकतो.

बुकिंग पोर्टलवरून काढलेलं असेल तर नॉन-एसी बसच्या भाड्यावरही ५ टक्के जीएसटी लागतो; थेट बसवाल्याकडून काढलेल्या नॉन-एसी तिकिटावर ही ओळ दिसली तर कारण विचारा. एसटीच्या ऑनलाइन तिकिटावर आरक्षण शुल्क भाड्यापासून वेगळं काढून मगच टक्के लावा. सवलतीचं तिकीट असेल, उदाहरणार्थ महिला सन्मान योजनेतलं अर्धं, तर हिशोब भरलेल्या अर्ध्या भाड्यावर करायचा, पूर्ण भाड्यावर नाही.

## ८. आकडा बरोबर, पण पैसे दिसत नाहीत

'रिफंड प्रोसेस झाला' याचा अर्थ पोर्टलने सोडला एवढाच. आधी तो कुठे सोडला ते बघा. रद्द करताना वॉलेटचा पर्याय आपोआप निवडलेला असेल तर पैसे पोर्टलच्या वॉलेटमध्ये पडून असतात आणि बँकेत कधीच येणार नसतात. विमान कंपनीच्या बाबतीत पैसे क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा ठेवायचे की परत घ्यायचे हा प्रवाशाचा अधिकार आहे, कंपनी ते परस्पर ठरवू शकत नाही.

मूळ खात्यावरच सोडला असेल तर पोर्टलकडून व्यवहाराचा क्रमांक मागा. कार्डासाठी एआरएन हा २३ अंकी क्रमांक असतो, यूपीआयसाठी आरआरएन हा १२ अंकी. हा क्रमांक दिला की बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. फक्त बुकिंग क्रमांक दिला तर बँकेला काहीच सापडत नाही. क्रमांकच मिळत नसेल तर रिफंड अजून सुटलेला नाही असं समजा.

विमान कंपनीकडे थेट क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे ७ दिवसांत कार्डावर परत जायला हवेत असा नियम आहे. पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाला वेळ जास्त लागतो, पण तिथेही रिफंडची जबाबदारी विमान कंपनीवरच आहे, कारण पोर्टल किंवा एजंट तिचाच प्रतिनिधी मानला जातो. 'पोर्टलला विचारा' एवढं सांगून तिला हात झटकता येत नाहीत.

## ९. तक्रार कशी लिहायची

तक्रारीत चार आकडे आणि एक वाक्य पुरतं: भरलेली रक्कम, हिशोबाने येणारा रिफंड, आलेला रिफंड, फरक, आणि त्या फरकाचं कारण. उदाहरणार्थ: 'भरले १३,१८६. अटींनुसार रिफंड ५,३५२. जमा ४,५२६. फरक ८२६, जो करासह कन्व्हिनियन्स फीएवढा आहे आणि ती दोनदा वजा झाली आहे. कपातीचा ओळवार तपशील आणि फरकाची रक्कम द्यावी.' खाली बुकिंग क्रमांक, विमान कंपनीचा पीएनआर आणि पहिल्या टप्प्यातला अंदाजे रिफंडचा स्क्रीनशॉट.

आधी पोर्टलकडे लेखी पाठवा आणि तक्रार क्रमांक घ्या. फोनवर बोललेलं पुढे उपयोगी पडत नाही. कपात विमान कंपनीची असेल तर तिच्या नोडल अधिकाऱ्याला लिहा, तिथे समाधान झालं नाही तर अपिलीय अधिकाऱ्याला. त्यानंतर विमानाच्या तिकिटासाठी केंद्र सरकारच्या एअरसेवा या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. पोर्टलच्या फीचा किंवा खासगी बसचा वाद असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक १९१५.

सावधान: रिफंडसाठी मदत क्रमांक शोधताना इंटरनेटवर सर्वात वर दिसणाऱ्या क्रमांकावर फोन करू नका. क्रमांक तिकिटावरून किंवा ॲपमधूनच घ्या. रिफंड घेण्यासाठी यूपीआय पिन टाकावा लागत नाही, ओटीपी सांगावा लागत नाही आणि स्क्रीन शेअर करणारं ॲपही लागत नाही. यातलं काहीही मागितलं तर फोन तिथेच ठेवा.

तक्रारीनंतर फरकाची रक्कम आली की तीही त्याच हिशोबाखाली लिहा आणि बेरीज ५,३५२ होते का ते बघा. चूक मान्य केल्यावर अनेकदा ७०० परत येतात, पण त्यावरचा १२६ चा कर राहून जातो.